तुम्ही विचारलंत म्हणून: दीड तासाचे प्रवचन पाच सूत्रांत आणताना

"दीड-दोन तासांच्या प्रवचनाची तुम्ही दोन पानं करता, पाच मुद्दे आणि प्रत्येकाला एक गोष्ट. पण काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे ठरवता कसं? आणि गोष्टी तर कितीतरी असतात, मग नेमकी तीच का?"

इंदूरच्या राजेंद्र नगरात आमच्या मंडळाची चातुर्मासातली प्रवचने होतात. ज्यांना गुडघ्यांमुळे किंवा नोकरीमुळे येणे जमत नाही त्यांच्यासाठी मी ही दोन पाने काढतो. ठरवण्याची रीत एका प्रवचनावरून सांगितली तर सोपी जाईल. ते प्रवचन गीतेच्या बाराव्या अध्यायातील भक्तलक्षणांवर, ज्ञानेश्वरीच्या आधाराने झाले होते. ध्वनिमुद्रण 1 तास 38 मिनिटांचे होते आणि माझी पाने झाली साधारण 700 शब्दांची.

पहिल्यांदा मी हातात पेन न घेता सलग ऐकतो. दुसऱ्यांदा वही घेतो आणि समासात मिनिटे लिहून तीनच खुणा करतो: शंकेला "शं", सिद्धांताला "सि" आणि कथेला "क". वंदन, आधीच्या दिवसाची उजळणी आणि शेवटचे पसायदान सोडले की कामाचा भाग सव्वा तासाचा उरतो. या तीन खुणांपैकी सर्वांत महत्त्वाची खूण "शं" आहे, हे मला एका मोठ्या चुकीनंतर कळले.

पहिल्याच वर्षी मी एका पानावर ठळक अक्षरांत लिहिले होते की संसारात राहून भक्ती साधत नाही. ध्वनिमुद्रणात हे वाक्य शब्दशः होते, शिवाय प्रवचनकार काकांनी ते आवाज चढवून दोनदा म्हटले होते. पाने वाटून झाली आणि दुसऱ्या दिवशी रोज पहिल्या रांगेत बसणाऱ्या एका आजींनी मला बाजूला घेऊन म्हटले, "अहो, काकांनी तर नेमकं याच्या उलट सांगितलं." घरी येऊन पुन्हा ऐकले तेव्हा लक्षात आले की ते वाक्य पूर्वपक्षाचे होते. आपल्याकडे शास्त्र सांगण्याची जुनी पद्धत अशी आहे की समोरच्याची शंका आधी पूर्ण ताकदीने मांडायची आणि मग तिचे निरसन करायचे. त्यामुळे शंकेचे वाक्य धारदार आणि पाठ होण्याजोगे असते, तर सिद्धांत पुष्कळदा चार-पाच मिनिटांनी, खालच्या आवाजात, एखाद्या ओवीच्या अर्थाला जोडून येतो. सारांश करणाऱ्याचा हात धारदार वाक्याकडे आपोआप जातो आणि वक्त्याच्या तोंडी त्याने खोडलेलेच मत घातले जाते.

म्हणून "कुणी म्हणेल", "आपल्याला वाटतं की", "अर्जुनाच्या मनात आलं" असे शब्द आले की मी "शं" लिहितो आणि पुढची पाच मिनिटे काहीही उतरवत नाही. "पण माउली काय म्हणतात" किंवा "म्हणून भगवंत सांगतात" असा सांधा कानावर पडला की तिथे "सि" येते. हा सांधा सापडला नाही, तर ते वाक्य कितीही सुंदर असले तरी पानावर येत नाही.

या खुणांनुसार त्या दिवशीची पाच सूत्रे निघाली: द्वेष नसणे ही भक्ताची पहिली ओळख आहे, "माझे" हा शब्द न्यायाच्या आड येऊ देऊ नये, आपल्यामुळे कुणाला उद्वेग होऊ नये, कर्माचे फळ सोडता आले की शांतीला वेळ लागत नाही, आणि शत्रू-मित्रांशी सारखेपणाने वागावे. सूत्रे काढणे मला तुलनेने सोपे जाते. खरा वेळ गोष्टींना लागतो, म्हणून तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाविषयी जरा सविस्तर लिहितो.

त्या दिवशी काकांनी नाथांची गाढवाची कथा बाविसाव्या मिनिटाला सांगितली. तेव्हा "मैत्रः करुण एव च" हा चरण चालू होता आणि कथा करुणेची म्हणूनच सुरू झाली. ऐकणाऱ्या कुणालाही ती करुणेखालीच ठेवावीशी वाटली असती आणि मीही आधी तसेच केले होते. पण एकाहत्तराव्या मिनिटाला, "ध्यानात्कर्मफलत्यागः" या बाराव्या श्लोकापाशी मागे वळून, काका त्या कथेकडे परत आले आणि तिच्यात आधी न सांगितलेले एक वाक्य त्यांनी घातले. बरोबरचे यात्रेकरू नाथांना म्हणाले होते, "एवढी यात्रा वाया गेली." या एका वाक्याने कथेचा रोख बदलला. तहानलेल्या जिवाला पाणी पाजणे ही करुणा झाली, पण काशीपासून खांद्यावर वाहून आणलेली कावड, ती जिथे पोचवायची तिथे न पोचवता रिती करणे, हा फलत्याग झाला. एकाच कथेतून दोन शिकवणी निघतात आणि कोणती निघणार हे आपण कोणते वाक्य ठेवतो त्यावर ठरते.

म्हणून मी ती कथा चौथ्या सूत्राखाली नेली आणि पानावर एवढीच लिहिली: "काशीहून गंगेची कावड घेऊन नाथ रामेश्वराकडे निघाले होते. वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडत पडले होते. नाथांनी कावड उतरवली आणि ते पाणी त्याच्या तोंडात ओतले. बरोबरचे म्हणाले, एवढी यात्रा वाया गेली. नाथ म्हणाले, माझा रामेश्वर मला इथेच भेटला." काकांना ही कथा सांगायला सहा मिनिटे लागली होती. तीत उन्हाचे वर्णन होते, सोबत्यांची आपसातली कुजबुज होती आणि मध्येच एक अभंगही झाला होता. ऐकताना हे सारे हवेच असते, कारण श्रोत्याला त्या वाळवंटात नेऊन उभे करायचे असते. वाचणाऱ्याला मात्र कावड खांद्यावरून उतरताना दिसली पाहिजे आणि सोबत्यांचे वाक्य ऐकू आले पाहिजे. शेवटच्या वाक्यानंतर मी "यावरून असे दिसते की" असे काहीही जोडत नाही, कारण सूत्र वर लिहिलेलेच असते.

दुसऱ्या सूत्राची कथा आपल्या शहराची होती. "निर्मम" या शब्दावर बोलताना काकांनी राजवाड्याजवळच्या आडा बाजाराची गोष्ट सांगितली: मालेरावांच्या रथाखाली वासरू सापडले, अहिल्याबाईंनी पोटच्या मुलालाही तीच शिक्षा फर्मावली आणि त्या वासराची आई असलेली गायच रथासमोर आडवी येऊन उभी राहिली, म्हणून त्या जागेला हे नाव पडले. सांगण्याच्या ओघात काकांनी सुरुवातीला एकदाच "असं सांगतात" म्हटले होते. असे दोन शब्द लांबी कमी करताना सर्वांत आधी गळतात आणि आख्यायिकेचा इतिहास होऊन बसतो. इंदूरच्या माणसाला अहिल्याबाईंविषयी जे वाटते ते मलाही वाटते, आणि म्हणूनच त्यांच्या नावावर काय लिहिले जाते याविषयी मी फार जपून असतो. पानावर मी "अशी आख्यायिका आहे" या शब्दांनीच सुरुवात केली.

पहिल्या सूत्राला, अंगावर थुंकणाऱ्या माणसावर न रागावता पुन्हा पुन्हा गोदावरीत स्नान करणाऱ्या नाथांची कथा होती. ती सरळ बसली, तिथे काही विचार करावा लागला नाही. तिसऱ्या सूत्राला काकांनी एका ओळखीच्या घरातला सासू-सुनेचा प्रसंग सांगितला होता. सभेत तो चालून गेला, पण कागद हातोहात फिरतो, म्हणून गल्ली, नाते आणि आडनाव काढून मी नुसते "एका घरी" असे लिहिले. याच सूत्राच्या आसपास एक विनोदी किस्साही होता आणि त्याला सभेत सर्वांत मोठा हशा मिळाला होता. तो मी घेतला नाही. त्याच्या आधीही सूत्र नव्हते आणि नंतरही नव्हते. दुपारच्या जेवणानंतर पेंगुळलेल्या श्रोत्यांसाठी तो सांगितला होता. हशा हा निवडीचा निकष धरला, तर असे किस्से पानभर होतात आणि सूत्रे पोरकी राहतात.

पाचव्या सूत्राने मला दोन दिवस अडवले. "समः शत्रौ च मित्रे च" यावर काकांनी माउलींचा वृक्षाचा दृष्टांत फार रंगवून सांगितला: लावणी करणारा असो की घाव घालणारा, झाड दोघांनाही एकच सावली देते. परंतु दृष्टांत म्हणजे प्रसंग नव्हे. दृष्टांतात जे आहे ते नेहमीच तसे असते, तर प्रसंगात कुणीतरी एकदा काहीतरी केलेले असते. मंडळाने प्रत्येक सूत्राला प्रसंग मागितला होता आणि दुसऱ्या कुठल्या प्रवचनातला आणून इथे चिकटवणे मला पटत नाही, कारण मग तो सारांश काकांचा राहत नाही. प्रसंग नसेल तर ती जागा रिकामी ठेवून खाली दृष्टांत द्यायचा असे मी ठरवले होते. तिसऱ्यांदा ऐकताना मात्र दृष्टांतानंतरची दोन वाक्ये कानाला लागली, जी आधी दोन्ही वेळा ओवीच्या नादात निसटली होती. काका म्हणाले होते की त्यांच्या मामांनी अंगणातला लिंब तोडायला माणूस बोलावला, तेव्हा तो माणूस दुपारी त्याच लिंबाखाली भाकरी खायला बसला आणि ते पाहून मामांनी त्याला पूर्ण मजुरी देऊन परत पाठवले. तेवढेच. मी ते दोन वाक्यांतच लिहिले, एक शब्दही वाढवला नाही.

सूत्रे पाचच निघतील असे दरवेळी होत नाही. एखाद्या दिवशी वक्ता एकच गोष्ट चार बाजूंनी सांगतो. तेव्हा मी चारच लिहितो आणि पाचवे तयार करत नाही.

पाने छापण्याआधी आता मी काकांना वाचून दाखवतो आणि पहिल्या रांगेतल्या त्या आजींनाही तिथे बोलावतो. या वेळी मी पहिल्या सूत्रात "द्वेष सोडावा" असे लिहिले होते. काकांनी तिथे मला थांबवले आणि म्हणाले, "सोडावा म्हटलं की आधी धरलेला असतो. अद्वेष्टा म्हणजे ज्याच्या मनात तो उपजतच नाही." मी ध्वनिमुद्रण परत लावले. सोळाव्या मिनिटाला त्यांनी "उपजत नाही" असेच म्हटले होते आणि माझ्या वहीतही ते तसेच होते. पानावर उतरवताना मी सोपा शब्द घातला होता. तो खोडून मी त्यांचा शब्द परत घातला, आणि आजींनी मान हलवल्यावर पाने छापायला दिली.