सत्तावीस क्लिक आणि हरवलेला पाव हिस्सा

चांदमारीवर माझ्यासमोर आडवा पडलेला जवान नेमबाजीत कच्चा नव्हता. सकाळी १०० मीटरवर त्याने कागदावर रायफल झिरो केली होती, म्हणजे नेम आणि गोळी एकाच बिंदूवर आणली होती, आणि गोळ्यांचा ग्रुप नाण्याएवढा होता. मग आम्ही ४०० मीटरच्या लोखंडी प्लेटकडे वळलो. कुठल्या अंतराला किती उंची द्यायची ते सांगणाऱ्या कार्डावर त्या अंतराला २.७ मिल वर असं लिहिलेलं होतं. एक क्लिक ०.१ मिलचा धरून त्याने स्कोपवरची उंचीची चकती, म्हणजे टरेट, सत्तावीस क्लिक फिरवला, श्वास सोडला आणि फायर केला. प्लेटच्या लगेच मागे मातीचा बट होता, त्यावर धूळ उडाली ती चांगलीच खाली.

"उस्ताद, पॉइंट सात खाली," तो स्कोपमधून डोळा न काढता म्हणाला. मी दुर्बिणीतून तेच वाचलं होतं.

इथपर्यंत त्याची पद्धत अगदी बरोबर होती. मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग. १०० मीटरवर १० सेंटिमीटर, ४०० वर ४०. पण चूक दुरुस्त करायला हे सेंटिमीटर लागतच नाहीत. स्कोपमध्ये दिसणाऱ्या रेटिकलच्या खुणा हीच आपली मोजपट्टी. क्रॉस जिथे धरला होता तिथून धूळ किती खुणा खाली, तेवढंच टरेटवर वर द्यायचं. अट एकच, की गोळी निशाण्याच्या अगदी जवळपास आदळलेली हवी. ती अलीकडेच जमिनीत गेली तर त्या धुळीवरून वाचलेला आकडा फसवतो.

त्याने सात क्लिक वर दिले. पुढची गोळी प्लेटला लागली खरी, पण खालच्या कडेला खरचटत. मध्यापासून अजून ०.२ मिल खाली.

शेजारच्या सहकाऱ्याला वाटलं, स्कोप रायफलवर धरून ठेवणारा माउंट सैल झालाय. माउंट सैल असता तर गोळ्या वर, खाली, बाजूला कुठेही विखुरल्या असत्या. दुसरी शंका कार्डाची: गोळीचा वेग कार्डात धरलाय त्यापेक्षा कमी असेल. पहिला फरक त्यावरून उलगडला असता, पण दुसरा नाही. कार्ड चुकलं असतं तरी नंतर दिलेले सात क्लिक पूर्ण सातच पोचले असते. इथे २.७ मागितले आणि साधारण २.० मिळाले. ०.७ मागितले आणि ०.५ मिळाले. दोन्ही वेळा पाव हिस्स्याहून थोडं जास्त गळलं होतं. तूट नेहमी त्याच प्रमाणात येते तेव्हा रायफलवर संशय घेऊ नये, क्लिक तपासावा.

आम्ही १०० मीटरवर परत आलो. उंच कागदावर ओळंब्याने सरळ उभी रेघ मारली, खालच्या टोकाला नेम धरून तीन फायर घेतले. मग चाळीस क्लिक वर देऊन त्याच बिंदूवर नेम धरून पुन्हा तीन. ०.१ मिलचा क्लिक असता तर दोन ग्रुपमध्ये ४० सेंटिमीटर अंतर पडायला हवं होतं. टेपने मोजलं तर जेमतेम २९.

टरेटच्या कडेला कुणीतरी चिकटपट्टी लावून पेनने आकडे लिहिले होते. ती सोलली तर खाली कोरलेलं निघालं: एक क्लिक म्हणजे पाव एमओए. एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर. त्याचा पाव म्हणजे पाऊण सेंटिमीटरही नाही. डोळ्यासमोर मिलचं रेटिकल आणि बोटाखाली एमओएचा टरेट, असे स्कोप बराच काळ सर्रास विकले गेले आहेत. हा जवान ड्रॅगुनोव्ह रायफलवर शिकलेला, त्या स्कोपच्या आडव्या खुणाही हजाराव्या भागाच्याच, म्हणून त्याचं डोकं मिलमध्येच चालत होतं. सकाळी झिरो जमलं, कारण तिथे तो दोन-दोन क्लिक देत कागद बघत गेला. लहान आकड्यात ही गळती कळत नाही.

उलटी जोडीही असते: रेटिकल एमओएचं आणि टरेट मिलचा. तिथे एका एमओएला चार क्लिक दिले की गोळी दर वेळी ठरावीक प्रमाणात निशाणा ओलांडून पलीकडे जाते. दोन्हींपैकी कुठलं एकक चांगलं या वादात मला अर्थ वाटत नाही. डोळा आणि बोट एकाच एककात असले पाहिजेत, एवढाच माझा आग्रह.

एक मिल म्हणजे ३.४४ एमओए, म्हणजे या टरेटवर चौदाला किंचित कमी क्लिक. २.७ मिलला सदतीस. त्याचे चौतीस आधीच दिलेले होते. झिरोपासून सदतीस मोजून फायर केला तेव्हा प्लेट मधोमध वाजली. मग बसून त्याने अख्खं कार्ड क्लिकमध्ये लिहून काढलं.

६०० मीटरवर कार्डातल्या ५ मिलला एकोणसत्तर क्लिक दिले. उंची बरोबर आली, पण धूळ उजवीकडे अर्धा मिल. "सात डावीकडे," म्हणत त्याचा हात बाजूच्या टरेटकडे गेला. हिशेब अचूक होता, तरी मी थांबवलं. वारा क्षणाक्षणाला बदलत होता आणि दिलेले क्लिक पुढच्या गोळीला चुकीचे ठरले असते. टरेट तसाच ठेवून रेटिकलची अर्ध्या मिलची उजवी खूण त्याने प्लेटच्या मध्यावर आणली. असा नेम धरताना टरेट कुठल्या एककाचा आहे याने काहीच फरक पडत नाही.