“नाही, मी देणार नाही”

शनिवार, रात्री.

फर्ग्युसन रस्त्यावर सुट्टीच्या संध्याकाळी गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब घेतलेली, संस्थांसाठी देणगी मागणारी मुलं-मुली उभी असतात. सुरुवात देणगीच्या गोष्टीने होत नाहीच. “मॅडम, एकच मिनिट, पुण्याच्याच का?” एवढंच विचारतात. उत्तर द्यायला पाय थांबले की पुढचं बोलणं त्यांच्या हातात जातं.

नकार देताना बहुतेकांचं चुकतं ते कारण सांगण्यात. “घाईत आहे” म्हटलं की “दोनच मिनिटं” येतं. “सध्या पैसे नाहीत” म्हटलं की “दिवसाला फक्त पंचवीस रुपये.” हा हिशेब तिथेच मनात करावा: महिन्याला ७५०, वर्षाला ९,०००. “घरी विचारून सांगते” हे तर सगळ्यात वाईट, कारण लगेच मोबाइल नंबर मागतात आणि मग फोन सुरू होतात. प्रत्येक कारणावर तोडगा त्यांना शिकवलेला असतो. कारणच नसेल तर तोडगा कशावर काढणार?

म्हणून चाल मंद न करता, तोंडाकडे बघून, एकच वाक्य: “नाही, मी देणार नाही. तुमचं चालू द्या.” आवाज नेहमीचा. पुन्हा विचारलं तर तेच वाक्य, शब्दही न बदलता. शब्द बदलले की समोरच्याला वाटतं, अजून वाव आहे. तिसऱ्यांदा उत्तर द्यायची गरज नाही, चालत राहावं. नजर चुकवून कानाला खोटा फोन लावण्यापेक्षा हे मला जास्त माणुसकीचं वाटतं. दिवसभर उभ्या असलेल्या त्या मुलाला निदान स्पष्ट उत्तर मिळतं आणि तो पुढच्या माणसाकडे वळू शकतो.

शर्टाला छोटा झेंडा किंवा बिल्ला लावला तर? काढून त्यांच्या हातात परत द्यावा आणि वर म्हटलेलंच वाक्य बोलावं. तो अंगावर राहिला की फुकट घेतल्याची टोचणी लागते, आणि लावणाऱ्याला ते ठाऊक असतं.

काम खरंच पटलं, तरी रस्त्यात ओटीपी किंवा यूपीआय पिन टाकू नये. दरमहाच्या देणगीत ती एकदाची नोंद नसते, दर महिन्याला खात्यातून पैसे वळते करायची ती परवानगी असते. पंधरा हजारांपर्यंतच्या नेहमीच्या हप्त्याला पुढे पिन विचारलाही जात नाही. आदल्या दिवशी मेसेज येतो, तो बाकीच्या मेसेजांत हरवतो. “संस्थेचं नाव सांगा, घरी बघून मीच भरेन” म्हणावं आणि नंबर देऊ नये. “आजच केलं तरच” असं उत्तर आलं, तर ती घाई संस्थेच्या कामाची नाही, उभ्या असलेल्याच्या टार्गेटची आहे.

परवानगी देऊन बसलेल्यांनी यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ उघडावं. चालू परवानग्यांची यादी दिसते, तिथेच ती रद्द करता येते. नेट बँकिंग किंवा डेबिट कार्डाने दिली असेल तर बँकेकडून ती रद्द करून घ्यावी, पुढचा हप्ता कापायच्या आधी.