सॉर्टची नोंदवही: स्वल्पविरामाचा गुंता सुटला

गेल्या नोंदीत लिहिलेली तक्रार आठवत असेल: तीच फाइल, तीच कमांड, पण रात्री क्रॉनमधून चालवली तर क्रम बरोबर आणि टर्मिनलवर चालवली तर उलटापालटा. दोन आठवडे मी फाइलमध्येच दोष शोधत बसलो होतो. काल रात्री कारण सापडलं.

फाइलमध्ये किल्ला, तिथे काढलेले फोटो आणि पक्ष्यांच्या आवाजांचं रेकॉर्डिंग (मिनिटांत) असे तीन रकाने आहेत.

```
sinhgad,98,4
torna,9,120
rajgad,64,15
purandar,64,40
```

मला फोटोंच्या संख्येनुसार क्रम हवा होता, म्हणून `sort -t, -k2n` लिहिलं. टर्मिनलवर ९८ वाला सिंहगड सगळ्यात वर आणि ९ वाला तोरणा सगळ्यात खाली!

शेवटी `--debug` लावलं. ग्नू सॉर्टमधली ही माझी सगळ्यात आवडती सोय, कारण तुलनेसाठी घेतलेल्या मजकुराखाली ती रेघ ओढून दाखवते. रेघ नुसत्या 98 खाली नव्हती, ती `98,4` खाली होती. तिथेच उलगडा झाला. `-k2n` म्हणजे दुसऱ्या रकान्यापासून ओळीच्या शेवटापर्यंत. माझं लोकेल `en_IN.UTF-8`, आणि त्यात स्वल्पविराम हजार-लाख वेगळे करणारं चिन्ह आहे. त्यामुळे `-n` तो ओलांडून पुढे वाचतं: सिंहगड ९८४, राजगड ६४१५, पुरंदर ६४४०, तोरणा ९१२०. क्रॉनमध्ये मी `LC_ALL=C` ठेवलं आहे. तिथे असं चिन्हच नसल्याने आकडा स्वल्पविरामापाशी थांबतो, आणि चुकीची की असूनही उत्तर योग्य येतं.

दुरुस्ती म्हणजे कीचा शेवटही सांगायचा. मग दुसरी कीही जोडली: फोटो सारखे असतील तर जास्त रेकॉर्डिंग आधी.

```
sort -t, -k2,2n -k3,3nr kille.csv
```

आता तोरणा, पुरंदर, राजगड, सिंहगड. `r` तिसऱ्या कीलाच चिकटलेला असल्याने पहिली की चढत्या क्रमातच राहते. हा क्रम पाहून फार बरं वाटलं.

पुढे शेरे लिहायला चौथा रकाना जोडणार होतो. पण शेऱ्यात स्वल्पविराम येणारच, आणि तो अवतरणचिन्हांत घातला तरी सॉर्ट तिथेच रकाना तोडतं, कारण त्याला सीएसव्हीचे नियम कळत नाहीत. शेरा शेवटी असेल तर चालून जाईल, पण उद्या मध्ये सरकवला की पुढचे सगळे रकाने हलतील. हे लिहितानाच ठरवलं की फाइल टॅबवर न्यायची. `-t '\t'` बॅशमध्ये चालत नाही, सॉर्ट ते दोन अक्षरं समजून चूक दाखवतं. `-t $'\t'` लिहावं लागतं. आज रात्री फाइल बदलतो आणि पुन्हा `--debug` लावून रेघा तपासतो.