अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीवरची पांढरी पावडर: टिळकवाडीचा अपडेट, खालचा ट्रॅक आणि डावी बाजू झाली

आत्याच्या टिळकवाडीतल्या घरी अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीवरची पांढरी पावडर काढायचं काम पुढं सरकलंय म्हणून सविस्तर लिहितोय. पश्चिमेकडची मोठी स्लायडिंग खिडकी आहे, खालचा ट्रॅक आणि डावी उभी चौकट पूर्ण झालीय, वरची पट्टी आणि उजवी बाजू उरलीय. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, वारा पश्चिमेचा, सगळं पाणी ह्याच बाजूला आदळतंय, आणि ट्रॅकची पाणी जायची भोकं तांबड्या मातीनं बुजलेली, म्हणजे पावसाळाभर ट्रॅकमध्ये ओला चिखल बसूनच. बोट फिरवलं की खडूसारखी पावडर हाताला यायची आणि खाली धातू खरबरीत, बारीक खड्डे पडलेला.

अ‍ॅल्युमिनियमवर हवेनं ऑक्साइडचा अगदी पातळ थर आपोआप येतो, तो चांगलाच आहे, तोच धातूला वाचवतो. पण पाणी हलतच नाही, वर माती, रबराखाली ओल, अशा ठिकाणी हवा नीट पोचत नाही आणि तो थर तुटतो, मग खालचा धातू खात जाऊन पांढरं हायड्रॉक्साइड बाहेर येतं. दुसरं कारण चुना आणि सिमेंट. साधारण पीएच ४ ते ८.५ च्या मध्ये हा थर टिकतो, चुन्याचं पाणी १२ च्या वर, त्यामुळं भिंतीला चुना मारताना उडालेले शिंतोडे वाळून तसेच राहिले की त्याच आकाराचा डाग धातूत उतरतो, तो पुसून जात नाही. म्हणून धुण्याचा सोडा किंवा नाली साफ करायची पावडर ह्या कामाला अजिबात वापरू नका, सोड्यात अ‍ॅल्युमिनियमचं भांडं कसं काळं पडतं ते घरात सगळ्यांनी बघितलंय.

घासायचा कागद हातात घ्यायच्या आधी एक गोष्ट नक्की करा, चौकटीचा सेक्शन साधा आहे का अ‍ॅनोडाइज केलेला, म्हणजे कारखान्यातच ऑक्साइडचा जाड थर चढवलेला. लांबून दोन्ही चंदेरीच दिसतात. मी मल्टिमीटर बीपवर लावून दोन्ही टोकं स्वच्छ जागी, शटरच्या मागं झाकलेल्या भागात, हलकीच टेकवतो. साधा असेल तर लगेच बीप वाजतो, अ‍ॅनोडाइज असेल तर नाही वाजत कारण तो थर वीज जाऊ देत नाही. टोक दाबून धरू नका, थर फुटून खोटा बीप येतो, आणि पांढऱ्या पावडरीवर तर टेकवूच नका, तीसुद्धा वीज अडवते. वर पारदर्शक लॅकर मारलेलं असेल तरी बीप येत नाही, पण कापसावर थिनर घेऊन कोपऱ्यात घासलं की लॅकर चिकट होऊन सुटतं, तेवढ्यावरनं कळतं.

एवढा खटाटोप का, तर अ‍ॅनोडाइजचा थर खिडक्यांना बहुतेक १० ते २५ मायक्रॉनचा असतो आणि वॉटर पेपरच्या थोड्या हातातच तो निघून जातो. एकदा गेला की घरी परत आणता येत नाही, त्या जागी कायमचा वेगळा चकाकता पट्टा दिसत राहतो. आत्याकडं आतल्या बेडरूमची खिडकी अ‍ॅनोडाइज निघाली, तिला मी फक्त भांड्याचं लिक्विड, कोमट पाणी आणि पांढरा मऊ पॅड एवढंच केलं आणि वॅक्स लावून सोडली. ओलं असताना पांढरेपणा गायब आणि वाळलं की परत दिसतो, म्हणजे थरच खरबरीत झालाय, वॅक्सनं तो बराच दबतो पण जात नाही, तिथंच थांबायचं.

पश्चिमेची मात्र साधी निघाली, सगळीकडं बीप. आधी दोन्ही शटर उचलून बाहेर काढली, भोकं तारेनं मोकळी केली, माती ब्रशनं काढून धुतली. मग लिंबूसत्त्व, एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम, स्पंजनं लावून पाच-सात मिनिटं ठेवायचं, वाळू द्यायचं नाही, आणि भरपूर पाण्यानं धुवायचं. पावडर ह्यातच बरीच सुटते. खाली कडप्प्याची किंवा शहाबादी फरशी असेल तर प्लास्टिक टेपनं नीट चिकटवून झाका, दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, थेंब पडला की पॉलिश उडून पांढरा डाग बसतो आणि तो खिडकीपेक्षा जास्त डोळ्यात येतो. काचेच्या कडेला मास्किंग टेप लावायचीच.

आता खरं काम, एकसारखं दिसणं. उद्यमबागेतले एक फॅब्रिकेटर मामा म्हणाले, “सेक्शन डायमधनं लांबीत ओढून येतोय की, त्याची रेघ लांबीतच असते, तू आडवा किंवा गोल हात मारलास की डाग गेला तरी ऊन पडलं की दिसणारच बघ.” हे शंभर टक्के खरं. म्हणून फक्त डागावर घासायचं नाही, एका जोडापासनं दुसऱ्या जोडापर्यंत अख्खी पट्टी घ्यायची, कोपऱ्यात ४५ अंशाचा कट असेल तर पलीकडच्या पट्टीवर टेप मारून कटापाशीच हात थांबवायचा, म्हणजे दोन्ही रेघा तिथं स्वच्छ भेटतात. ट्रॅकच्या खाचेसाठी तेवढ्याच रुंदीची लाकडी पट्टी कापून तिला पेपर गुंडाळला, बोटानं घासलं की मध्ये खोल आणि कडेला उथळ होतं.

पेपर ३२० चा पाण्यात साबणाचा थेंब टाकून, मग ४०० चा, शेवटी करडा नायलॉन पॅड, आणि पॅडचे शेवटचे हात एकाच दिशेनं, टोकाला उचलून. काळं पाणी निघतंय ते बघून घाबरू नका, तो बारीक धातू आहे. लोखंडी तारेचा घासणीगोळा नको, त्याचे कण धातूत रुततात आणि नंतर तांबूस ठिपके येतात. खोल खड्डे राहिले तर राहू देत, त्यांच्यामागं लागलात तर तिथं खोलगटपणा येतो आणि तो जास्त दिसतो. तपासायचं ते पूर्ण वाळल्यावर आणि संध्याकाळी टॉर्च पट्टीला आडवी धरून, ओल्या धातूवर सगळंच एकसारखं दिसतं.

साधे लोखंडी स्क्रू गंजलेले होते, त्यांच्याभोवतीच पांढरं सगळ्यात जास्त, ते काढून स्टेनलेसचे घातले आणि खाली नायलॉन वॉशर.

वर लॅकर मारा असं बरेच जण सांगतात. माझं मत, उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर एचिंग प्रायमरशिवाय ते पकडत नाही, आणि शटर घासून एक ओरखडा पडला की पाणी आत शिरून लॅकरच्या खालनंच पांढऱ्या रेघा पसरतात, मग सगळं खरवडायला लागतं. त्यापेक्षा धातू पूर्ण वाळवून, थिनरच्या फडक्यानं पुसून (रबराला लागू न देता) त्याच दिवशी गाडीचं कार्नोबा वॅक्स पातळ दोन हात. मे अखेरीस एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा परत लावायचं ठरवलंय, आत्यालाही भोकं कशी मोकळी करायची ते दाखवून ठेवलंय.

उजव्या बाजूला सिमेंटचे जुने शिंतोडे आहेत, तिथं आधी प्लास्टिकची पट्टी आणि लिंबूसत्त्वाचा ओला कापूस ठेवून किती सुटतंय ते बघायलोय.