200 सिट-अप्स आणि दुखरी कंबर

मुलगा 17 वर्षांचा, उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करणारा. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये आई त्याला घेऊन आली. "ताई, एक्स-रे तर नॉर्मल आलाय, मग दुखतंय कशानं?" हाडावर नुकताच ताण आला असेल तर एक्स-रेत बहुधा काही दिसत नाही, हे प्रत्येक घराला नव्याने सांगावं लागतं. दुखणं कमरेच्या डावीकडे, एका बोटाने दाखवता येईल असं. पुढे वाकताना ठीक, मागे झुकलं की कळ. उजवा गोलंदाज, दुखणं डावीकडे आणि हे वय! मी लगेच अस्थिरोगतज्ज्ञांकडे धाडलं. एमआरआयमध्ये कमरेच्या पाचव्या मणक्याच्या मागच्या कमानीत डावीकडे सूज निघाली. भेग पडायच्या बेतात होती.

"पण हा रोज 200 सिट-अप्स मारतो हो!" आई म्हणाली. मारत होताच. कोचचा हुकूम. उशिरा आलं की वर आणखी 50. व्यायाम म्हणजे शिक्षा, ही आपल्या मैदानांची जुनी खोड.

त्याच्या मोबाइलवरचा व्हिडिओ हळू करून पाहिला. पुढचा डावा पाय टेकतो त्या क्षणी धड मागे आणि डावीकडे झुकलेलं, शिवाय उजवीकडचं कुल्लं खाली घसरलेलं. शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार तेव्हा पुढच्या पायावर येतो आणि त्याचा ताण त्याच कमानीवर पडतो. सिट-अप्समध्ये पोट आखडून कंबर पुढे वाकते; इथे काम उलट, कंबर वाकू न देण्याचं. धावणाऱ्यांचंही तेच: प्रत्येक पावलाला एका पायावर कुल्लं सावरायचं असतं.

गोलंदाजी बंद. दुखणं शमल्यावर, डॉक्टरांच्या संमतीने व्यायाम सुरू केले. डाव्या कुशीवर, कोपराच्या आधाराने अंग उचलून धरायचा साइड प्लँक केला की याचं कुल्लं काही सेकंदांत लोंबायचं, कारण डाव्या कुल्ल्याचा बाजूचा स्नायू कच्चा. म्हणून थोडाच वेळ, पण सरळ रेषेत. मग डाव्या हातात जड डंबेल घेऊन ताठ चालणं. वजन डावीकडे, पण धड कलू नये म्हणून राबते उजवी कूस. चेंडू टाकताना धडाला आवर घालायचा तो तिथूनच. तो हसला, "मॅडम, हे तर भाजीची पिशवी आणण्यासारखं झालं." उजवा खांदा वर चढला की डंबेल हलकं करायचं, हे मात्र बजावलं.

सहाएक आठवड्यांत दुखणं थांबलं आणि खरी कटकट तिथेच सुरू झाली. निवड चाचणी तोंडावर, वडील म्हणाले, "आता दुखत नाही ना, मग टाकू दे की!" दुखणं आधी जातं, हाड नंतर सांधतं, त्याला महिने लागतात. ताकद वाढली तरी एका आठवड्यात क्लब, शाळा आणि नेट्स मिळून षटकांचा डोंगर चढवला तर कोणतीही कूस पुरत नाही. चाचणी चुकली. वडील माझ्याशी अजून मोजकंच बोलतात.

आता तो चार पावलांच्या रनअपवरून, दिवसाआड, मोजून चेंडू टाकतो. नेटमधले चेंडू वहीतल्या मोजणीत धरायचे की नाहीत, यावर कोचचं आणि माझं अद्याप जमलेलं नाही.