मोठ्या वयातला डांग्या खोकला: कोणत्या आठवड्यात कोणती तपासणी

आधी साधी सर्दी झाली, नाक गळलं, घसा खवखवला. ताप नव्हताच. आठवडाभरात सर्दी गेली, पण मागे राहिलेला कोरडा खोकला वाढत गेला आणि मग उबळी सुरू झाल्या. एकदा उबळ आली की मध्ये श्वास घ्यायला उसंतच नाही. खोकून खोकून छाती रिकामी व्हायची, शेवटी धाप लागल्यासारखा श्वास आत ओढला जायचा आणि बऱ्याचदा त्यापाठोपाठ उलटी. रात्री जास्त. गंमत म्हणजे दोन उबळींच्या मधे मी ठणठणीत! दवाखान्यात बसले असताना एकदाही खोकला येत नसे. छाती तपासली की स्वच्छ, एक्स-रेही स्वच्छ. त्यामुळे आधी ॲलर्जीच्या गोळ्या, मग खोकल्याचं औषध, मग दम्याचा पंप असं चाललं होतं. फरक कशानेच पडला नाही.

खोकल्याचा चौथा आठवडा लागल्यावर छातीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी स्टेथोस्कोप नंतर लावला, आधी प्रश्न विचारले. रक्तदाबाची कोणती गोळी घेता? (काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो.) संध्याकाळी ताप, वजन घटणं, बेडक्यात रक्त? उबळीनंतर उलटी होते का? शेवटच्या प्रश्नाला मी हो म्हटल्यावर ते म्हणाले, "डांग्या खोकला असू शकतो." मला वाटायचं, तो लहान मुलांचा आजार, आणि मला तर लहानपणी लस दिलेली. पण लसीचं संरक्षण काही वर्षांत ओसरतं, आणि मोठ्यांमध्ये श्वास ओढतानाचा तो 'हूप' आवाज बहुतेकदा येतच नाही. उबळीनंतरची उलटी हीही कामाची खूण. तरी क्षयरोगासाठी बेडका तपासायला त्यांनी दिलाच. तो निगेटिव्ह आला.

मग तपासणीचा प्रश्न. मी वाचून गेले होते की नाकातून खोलवर काडी घालून नाकाच्या अगदी मागच्या भागाचा स्वॅब घेतात आणि त्याची पीसीआर करतात. डॉक्टर म्हणाले, ती खोकला सुरू झाल्यापासून पहिल्या तीन आठवड्यांत करायची. पुढे जंतू इतके कमी होतात की आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते. साध्या घशाच्या स्वॅबवर तर विसंबूच नये. माझ्यासारख्या उशिरा आलेल्यांसाठी रक्ताची तपासणी. जंतूच्या विषाविरुद्ध शरीराने तयार केलेली आयजीजी प्रतिपिंडं त्यात मोजतात. ती दुसऱ्या आठवड्यानंतर वाढतात आणि खोकला सुरू झाल्यापासून साधारण आठ ते बारा आठवडे सापडतात. गेल्या वर्षभरात डांग्या खोकल्याची लस घेतली असेल तर मात्र हा आकडा आजाराचा की लसीचा हे ठरवता येत नाही. मी घेतली नव्हती. अहवालात पातळी बरीच वाढलेली निघाली.

आता ॲझिथ्रोमायसिन मिळेल आणि सुटका होईल, ही आशा तिथेच संपली. हे औषध सुरुवातीला घेतलं तरच आजार थोडा सौम्य होऊ शकतो. पुढे उबळी येत राहतात त्या विषाने केलेल्या इजेमुळे, आणि श्वासनलिकेचं अस्तर भरून यायला वेळ लागतोच. खोकला सुरू होऊन तीन आठवडे उलटले की संसर्ग पसरवण्याचा काळही बहुधा संपलेला असतो. म्हणून मला प्रतिजैविक दिलंच नाही.

पण दुसऱ्या आठवड्यात मी ताईकडे जाऊन आले होते आणि तिचं बाळ जेमतेम महिन्याचं, म्हणजे लस सुरूही न झालेलं. हे ऐकल्यावर डॉक्टरांनी माझं प्रकरण बाजूला ठेवून ताईला फोन करायला लावला. इतक्या लहान बाळाला कधीकधी खोकला येतच नाही. श्वास मधेच थांबतो, ओठ निळे पडतात, दूध ओढणं कमी होतं. संपर्कानंतर तीन आठवड्यांच्या आत घरच्यांना प्रतिबंधक औषध देता येतं, आणि ती मुदत अजून उलटलेली नव्हती. ताईच्या बालरोगतज्ज्ञांनी बाळासकट सगळ्यांना पाच दिवसांचं ॲझिथ्रोमायसिन दिलं. महिन्याच्या आतल्या बाळाला हे औषध दिलं की जोराची उलटी होते का हे पाहावं लागतं, कारण क्वचित जठराचा पुढचा मार्ग अरुंद होतो. ताई रोज कळवत होती. बाळ ठीक राहिलं.

माझं मात्र आणखी दीड-दोन महिने चाललं. थोडं थोडं खायचं, उलटी झाली की काही वेळाने पुन्हा खायचं. थंड हवा, मोठ्याने हसणं, भराभर बोलणं यांनी उबळ हमखास. एका बाजूला बरगडीत टोचणारी कळ आली तेव्हा पुन्हा एक्स-रे काढला, कारण या खोकल्याने बरगडीला चीर पडू शकते. सुदैवाने स्नायूच ताणला होता. उबळीत डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली तेव्हापासून गाडी चालवणं बंद केलं.

पुढे काही महिन्यांनी साधी सर्दी झाली आणि तीच उबळ परत आली. डॉक्टर म्हणाले, हा नवा आजार नाही, असं काही महिने होऊ शकतं. वर हेही सांगितलं की एकदा डांग्या खोकला झाला म्हणजे जन्मभराची प्रतिकारशक्ती मिळत नाही. मोठ्यांसाठीची टीडॅप लस घ्यायला त्यांनी सांगितलंय.