तमिळ ओळीत ऊब नको होती

पुण्यातल्या एका भाषांतर कंपनीत दक्षिणेकडच्या भाषांची कामं माझ्याकडे असतात. एका हॉटेलसाखळीचं काम आलं होतं. मे महिन्यात त्यांची हॉटेलं चेन्नई, मदुराई आणि कोइम्बतूरला सुरू होणार होती आणि 'बास्क इन अवर वॉर्म्थ' हे त्यांचं घोषवाक्य तमिळमध्ये होर्डिंगवर जायचं होतं. क्लायंटने दुसरीकडून करून घेतलेली तमिळ ओळ सोबत जोडली होती, 'एंगळ् कदकदप्पिल् कुळिर्कायुंगळ्'. आम्ही ती फक्त तपासून द्यायची होती.

अशा कामात बॅक ट्रान्सलेशन मागतात, म्हणजे तमिळ न येणाऱ्याला कळावं म्हणून ओळीचा शब्दशः अर्थ पुन्हा इंग्रजीत लिहून द्यायचा. या ओळीचा अर्थ 'आमच्या उबेत शेकत बसा' असा अगदी मुळाबरहुकूम येत होता. नुसत्या त्यावर मंजुरी द्यायची, तर ओळ लगेच पास झाली असती.

आमच्या मदुराईच्या लेखिकेचा मात्र तासाभरात फोन आला. "मॅडम, ही लावू देऊ नका," ती म्हणाली. 'कुळिर्काय' म्हणजे शेकोटीपाशी बसून अंग शेकणं हे खरंच. पण तमिळ वर्तमानपत्रांत हा शब्द सर्रास येतो तो दुसऱ्याच्या अडचणीत स्वतःचा फायदा करून घेण्याच्या अर्थाने. आपण 'पोळी भाजून घेणं' म्हणतो, तेच. ते पाहुण्यांना करायला सांगणारं होर्डिंग झालं असतं.

मग क्रियापद बदलून नुसता 'कदकदप्पु' ठेवला तर? हा शब्द चांगला आहे, दुलईत झोपलेल्या बाळाची ऊब त्यात येते. उटीच्या हॉटेलला चाललाही असता. पण मदुराईत मे महिन्यात कत्तिरी वेयिल असतं, कडक उन्हाचे ते दिवस लोक नावाने ओळखतात, आणि तेव्हा कोणालाच ऊब नको असते. शिवाय तमिळमध्ये सुखाची भाषाच गारव्याची आहे. समाधान झालं की 'मनसु' गार होतं, आणि मत्सराने किंवा दुःखाने पोट जळतं. आपल्याकडे 'मायेची ऊब' आणि 'जीव थंड झाला' दोन्ही सुखाने नांदतात, म्हणून याच घोषवाक्याच्या मराठी ओळीला काही अडचण आली नव्हती.

यानंतर लेखिकेने इंग्रजी ओळ बाजूला ठेवली. दारात आलेल्या पाहुण्याला मदुराईत काय म्हणतात, तिथून तिने सुरुवात केली आणि ओळ पाठवली, 'वांग, नम्म वीडुदान्'. म्हणजे 'या, आपलंच घर आहे'. मला ती लगेच पटली, कारण 'एंगळ्' आणि 'नम्म' यांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. एंगळ् म्हणजे आमचं, ऐकणाऱ्याला वगळून. नम्म म्हणजे आपलं, त्याला धरून. इंग्रजीच्या 'अवर'मध्ये हा भेद नाही, आणि पहिल्या ओळीने पाहुण्याला नेमकं बाहेर ठेवलं होतं.

क्लायंटची मार्केटिंग प्रमुख दिल्लीची. बॅक ट्रान्सलेशन वाचून तिने विचारलं, "यात वॉर्म्थ कुठे आहे?" तिचा प्रश्न रास्तच होता, समोरच्या कागदावर चुकीची ओळ बरोबर दिसत होती आणि बरोबर ओळ मुळापासून भरकटलेली. मी बॅक ट्रान्सलेशनच्या तक्त्यात आणखी एक रकाना वाढवला, 'ही ओळ कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हणेल'. पहिल्या ओळीपुढे काही लिहिताच येईना. दुसरीपुढे लिहिलं, 'घरची आई, उंबऱ्यात घुटमळणाऱ्या पाहुण्याला'. ते वाचून ती राजी झाली.

ओळ छापायला जाण्याआधी कोइम्बतूरच्या काही लोकांना आम्ही ती इंग्रजी न दाखवता वाचायला दिली. एकाने विचारलं, "फ्लॅटची स्कीम आहे का?" बोलीत 'वांग' म्हणजे 'या', पण लेखी तमिळमध्ये त्याच अक्षरांचा अर्थ 'विकत घ्यायला' असाही होतो, आणि 'वीडु वांग', म्हणजे घर घ्यायला, हे बिल्डरांच्या जाहिरातींत नेहमीचं. बोलून दाखवली की ओळीत शंका राहत नव्हती. होर्डिंगवर शेजारीच 'वीडु' असल्यामुळे ती येत होती.

ग्रांथिक 'वारुंगळ्' घातलं असतं तर शंका मिटली असती, पण आईच्या तोंडचं बोलणं सरकारी निमंत्रणासारखं झालं असतं. लेखिकेने फक्त सुरुवातीला 'उळ्ळे', म्हणजे आत, हा शब्द जोडला. 'उळ्ळे वांग, नम्म वीडुदान्.' त्याच लोकांना पुन्हा विचारलं, तेव्हा फ्लॅटचं नाव कोणी काढलं नाही. एका आजोबांनी विचारलं, जेवण शाकाहारी मिळेल ना?